बेकरीच्या ईमेलची सब्जेक्ट लाइन: फळ्यावर लिहाल तेच लिहा

प्रश्न: माझी छोटी बेकरी आहे. दर आठवड्याला ग्राहकांना ईमेल पाठवते, पण फारसं कुणी उघडत नाही. सब्जेक्ट लाइन कशी लिहावी म्हणजे लोक उघडतील, पण स्पॅमसारखीही वाटणार नाही?

या विषयावरून आमच्या घरात वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही, त्यामुळे माझं उत्तर एकतर्फी असणार हे गृहीत धरा.

पुण्यात आमची बेकरी आहे, सासऱ्यांच्या वेळची. काउंटरशेजारी एक काळा फळा असायचा आणि त्यावर सासरे खडूने एकच ओळ लिहायचे: ‘खारी ताजी, ४ वाजता’. काय, कधी, संपलं. त्या वेळेला माणसं बरोबर येऊन उभी राहायची. ईमेल सुरू केले तेव्हा ते लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं आणि मी फळ्यावरची ओळच सब्जेक्टमध्ये टाकायला लागले. माझे दीर मार्केटिंगमध्ये आहेत. त्यांना हे फार गावठी वाटलं. ‘वहिनी, यात हुकच नाही,’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की हुक म्हटलं की मला आता ब्लाउजच आठवतो.

एका वर्षी डिसेंबरात माझ्या अंगात ताप होता म्हणून प्लम केकचा ईमेल त्यांनी पाठवला. माझी ओळ तयार होती: ‘ऑक्टोबरपासून रममध्ये मुरलेली फळं, केक शनिवारपासून’. त्यांनी ती काढून टाकली आणि लिहिलं: ‘लास्ट चान्स!! प्लम केक संपत आले’. पहिली बॅच तेव्हा नुकतीच ओव्हनमधून निघाली होती. दोन दिवसांनी दुसरा ईमेल: ‘तुमच्यासाठी लास्ट चान्स वाढवला!’

त्याच संध्याकाळी आमचे एक जुने गिऱ्हाईक आले, निवृत्त मास्तर. काचेतल्या केकच्या रांगेकडे बघून म्हणाले, ‘संपत आले होते ना? मी दुपारचं जेवण टाकून आलो.’ दीर गल्ल्यावर होते, ते हसले. मास्तर हसले नाहीत. अर्धा किलो घेऊन गेले आणि घरी जाऊन यादीतून नाव काढून टाकलं.

खरं सांगायचं तर तो ईमेल त्या मोसमात सगळ्यात जास्त उघडला गेला. दीर आजही तोच आकडा तोंडावर फेकतात. पण नावं काढणारेही त्याच ईमेलला सगळ्यात जास्त होते आणि जानेवारीतले ईमेल पडूनच राहिले. ‘संपत आले’ हे खरोखर संपत आलेलं असतानाच लिहायचं. गिऱ्हाईक गल्लीतलंच असतं, ते येऊन कपाट बघतं.

त्यात तो आकडाही तितकासा खरा नव्हता. ईमेल उघडला हे आपल्याला कळतं ते त्यात लपवलेल्या एका बारीकशा चित्रामुळे. माणसाने ईमेल उघडला की ते चित्र लोड होतं आणि एक नोंद पडते. सप्टेंबर २०२१ पासून आयफोनच्या मेल ॲपमध्ये अशी सोय आहे की ती चालू असली तर ही चित्रं ॲपलच आधी आणून ठेवतं, माणसाने ईमेल बघितला असो वा नसो. म्हणजे यादीत आयफोनवाले जितके जास्त, तितका आकडा फुगलेला. मी ओपन रेटकडे ओझरतं बघते. ईमेलला उत्तर देऊन किती जणांनी ऑर्डर दिली आणि किती जणांनी नाव काढलं, हे मात्र नीट बघते.

आता तुमच्या कामाचं. फोनवर सब्जेक्टचे पहिले चार-पाच शब्दच दिसतात. ‘आमच्या बेकरीकडून खास वीकेंड न्यूजलेटर’ असं लिहिलंत तर दिसणार ‘आमच्या बेकरीकडून खास वीकेंड…’ आणि तुमचं नाव तर शेजारी पाठवणाऱ्याच्या जागी आधीच असतं. तेच असं लिहा: ‘मावा केक शनिवारी ११ ला, ऑर्डर शुक्रवारपर्यंत’. शेपूट कापलं गेलं तरी पदार्थ आणि दिवस उरतो. सब्जेक्टच्या खाली किंवा पुढे फिकट अक्षरात जी ओळ दिसते तीही स्वतः लिहा. ती रिकामी सोडली तर ईमेलमधला पहिला मजकूर आपोआप तिथे येतो, आणि तो बहुतेक वेळा ‘ईमेल नीट दिसत नसेल तर इथे क्लिक करा’ असला असतो. मी तिथे लिहिते: ‘अर्धा किलोचा आणि सुटे, दोन्ही. वेलची या वेळी जरा जास्त.’ त्या वेलचीवरून लोक उत्तरं पाठवतात, काही जण भांडतातसुद्धा.

श्रावणात ‘एगलेस’ हा शब्द सगळ्यात आधी घ्या. अंडं न खाणाऱ्यांची यादी वेगळी करता आली तर उत्तमच, त्यांना बारा महिने तोच शब्द पुरतो.

दोन ओळी अर्ध्या-अर्ध्या यादीला पाठवून कोणती चालते ते बघा, असा सल्ला तुम्हाला मिळेलच. छोट्या यादीत त्यातून फारसं काही कळत नाही. समजा तुमच्याकडे ६०० नावं आहेत. ३०० जणांना एक ओळ गेली, ६० जणांनी उघडली. उरलेल्या ३०० जणांना दुसरी गेली, ६९ जणांनी उघडली. दुसरी जिंकली असं वाटतं, पण एवढा फरक तीच ओळ दोनदा पाठवली तरी सहज पडतो. ८०-८५ च्या पुढे गेली तर विचार करा. आमच्या दिरांनी नऊ माणसांच्या फरकावर एकदा अख्खं प्रेझेंटेशन केलं होतं.

स्पॅमबद्दल: ‘फ्री’ किंवा ‘ऑफर’ या एका शब्दामुळे ईमेल स्पॅममध्ये जातो हा समज सोडा. पाठवणारा कोण आहे आणि लोक त्याला स्पॅम म्हणून दाबतात का, याला जास्त वजन असतं. तुम्ही ईमेल पाठवायच्या सेवेतून पाठवत असाल आणि पत्ता साधा @gmail.com असेल तर आधी दुकानाच्या नावाचा डोमेन घ्या आणि ईमेल खरोखर तुमच्याच डोमेनकडून आलाय हे पटवणाऱ्या SPF व DKIM या त्याच्या नोंदी त्या सेवेच्या सूचनांप्रमाणे लावून घ्या. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने याबाबत नियम कडक केलेत. हे नसेल तर सब्जेक्ट कितीही गोड लिहा, उपयोग नाही. नाव काढायची लिंकही लपवू नका, ती सापडली नाही की माणूस स्पॅमचं बटण दाबतो. आणि ईमेलला उत्तर आलेलं नसताना पुढे ‘Re:’ लावून पाठवायचं, असं कुणी सुचवलं तर त्याला दुकानात घेऊ नका.

एक गोष्ट दिरांच्या बाजूने सांगायला हवी. माझी पद्धत ओळखीच्या गिऱ्हाइकांवर चालते, ज्यांना आमचा मावा केक माहीत आहे. देशभर कुरिअरने कुकीज विकत असाल तर नुसतं ‘शनिवारी ११ ला’ म्हणून कुणी हलणार नाही, तिथे त्यांचं थोडं ऐकावं लागेल. सूटही खरी असेल तर सरळ आकड्यात लिहावी, त्यात लाजण्यासारखं काही नाही. उद्गारचिन्ह मात्र एकही नको.

राहिला ‘दर आठवड्याला’चा मुद्दा. दिरांचं मत, सातत्य हवं, काही नसलं तरी पाठवायचं. माझं मत, नवीन काही भाजलं नसेल तर गप्प बसावं. गणपतीत आम्ही बंद असतो तेव्हा मी फक्त ‘सोमवार-मंगळवार दुकान बंद, पाव रविवारीच न्या’ एवढंच पाठवते, आणि रविवारी पाव दुपारीच संपतो.