कव्हर नोटमध्ये गोपनीयतेचे वचन जपून द्या

प्रश्न : "नववीच्या मुलांच्या मानसिक ताणाचे सर्वेक्षण करायचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत, प्रश्नावलीत नैराश्य तपासणारी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे. एथिक्स कमिटीला द्यायच्या कव्हर नोटमध्ये संमती आणि जोखमीबद्दल नेमके काय लिहू?"

मुख्याध्यापकांची परवानगी म्हणजे शाळेत प्रवेश करण्याची मुभा. ती मुलांच्या वतीने दिलेली संमती ठरत नाही, हे नोटच्या सुरुवातीलाच लिहा. आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती आणि मुलाची स्वतःची सहमती, म्हणजे असेंट, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारा वर्षांपुढील मुलांची असेंट लेखी घ्यायची असते, त्यामुळे नववीच्या मुलांसाठी त्यांना समजेल अशा भाषेत वेगळा फॉर्म जोडावा लागेल. पालकांना वाचता येत नसेल तर तिऱ्हाईत साक्षीदारासमोर माहिती वाचून दाखवून अंगठा घेऊ, असेही लिहा. हा साक्षीदार वर्गशिक्षक नको. "हरकत असेल तरच चिठ्ठी पाठवा" हा सोपा मार्ग या विषयासाठी सुचवू नका, कारण चिठ्ठी दप्तरातच राहिली तरी तिची गणती होकारात होते. आईवडील ऊसतोडीला गेलेले आणि मूल आजीकडे, अशी घरे तुमच्या भागात असतील तर तो मुद्दा समितीपुढे आपणहून मांडा आणि फोनवरून माहिती देऊन संमती कशी नोंदवणार ते सांगा. आजीची सही परस्पर घेऊन विषय मिटवू नका.

समिती खरी अडवते ती पुढच्या मुद्द्यावर. बहुतेक मसुद्यांत "माहिती पूर्णपणे निनावी राहील" आणि "त्रासात असलेल्या मुलांना मदत मिळवून दिली जाईल" ही वाक्ये शेजारीशेजारी असतात, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. पीएचक्यू-९चा नववा प्रश्न मरून जाण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एखाद्या मुलीने तिथे "जवळजवळ रोज" असे उत्तर दिले आणि कागदावर नाव किंवा क्रमांक काहीच नसेल, तर ती कोण हे तुम्हाला कळणार नाही, आणि कागद मात्र तुमच्या हातात असेल. म्हणून एक काहीतरी निवडा. निनावी ठेवायचे असेल तर तो प्रश्न काढा आणि आठच प्रश्नांची आवृत्ती वापरा. तीही प्रचलित आहे. ठेवायचाच असेल तर सांकेतिक क्रमांक वापरा, नावांची यादी वेगळ्या कुलूपबंद जागी ठेवा, आणि निनावीऐवजी "गोपनीय" म्हणा. तसेही पीएचक्यू-९ मुळात प्रौढांसाठी आहे. किशोरवयीनांसाठी तिचे वेगळे रूप उपलब्ध असताना तेच का घेतले नाही, हे समिती विचारणारच.

गोपनीयतेलाही कायद्याची मर्यादा आहे. लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले किंवा तशी साधार शंका आली, तर पोक्सो कायदा, २०१२च्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणे तुमच्यावर बंधनकारक आहे. हे मुलाने लिहिल्यानंतर नव्हे, लिहिण्याआधी त्याला ठाऊक असले पाहिजे. मी नोटमध्ये साधारण असा परिच्छेद लिहीन :

"प्रश्नावली देण्यापूर्वी प्रत्येक वर्गात सांगितले जाईल की उत्तरे शिक्षकांना किंवा पालकांना दाखवली जाणार नाहीत, मात्र विद्यार्थ्याच्या जिवाला धोका दिसल्यास किंवा त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळल्यास आम्हाला ते योग्य व्यक्तींना सांगावे लागेल. नवव्या प्रश्नाला 'अजिबात नाही' याव्यतिरिक्त कोणतेही उत्तर देणाऱ्या विद्यार्थ्याशी समुपदेशक त्याच दिवशी एकांतात बोलतील. घरी कोणाला आणि काय सांगायचे हे आधी विद्यार्थ्याशी बोलून ठरवले जाईल. धोका घरातूनच असल्यास त्या व्यक्तीला कळवले जाणार नाही."

यातला "त्याच दिवशी" हा शब्द तुम्हाला खरोखर पाळता यायला हवा. समुपदेशक कोण, त्या वेळी शाळेत हजर असतील का आणि पुढे कोणत्या रुग्णालयात पाठवणार, हे नोटमध्ये लिहून त्यांचे संमतीपत्र जोडा. कागदाच्या तळाशी चाइल्डलाइनचा १०९८ छापणे चांगलेच, पण समिती त्याला व्यवस्था मानत नाही, आणि ते बरोबरच आहे.

नकार वर्गात कसा दिसेल, याचाही विचार करा. सहभागी नसलेल्यांना बाहेर बसवले की कोणी नकार दिला हे साऱ्या वर्गाला कळते. त्यापेक्षा सगळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या पुस्तिका द्या, ज्यांची संमती नाही त्यांच्या पुस्तिकेत कोडी ठेवा, आणि सगळ्या पुस्तिका बंद पाकिटातच गोळा करा. शिक्षक वर्गाबाहेर, एका बाकावर एकच विद्यार्थी. एवढ्या गोष्टी समितीच्या नजरेत भरतात, कारण प्रत्यक्ष वर्ग पाहिलेल्या माणसालाच त्या सुचतात.

सर्वेक्षणाचा वारही लिहा. शनिवारी सकाळची शाळा असते. त्या दिवशी भरलेले कागद दुपारी वाचेपर्यंत मुले घरी गेलेली असतात आणि मध्ये रविवार येतो. सोमवार ते गुरुवार, पहिल्या दोन तासांत, असे ठेवलेत तर समुपदेशकाला उरलेला दिवस मिळतो.