उपवासाची खिचडी, शेंगदाणे आणि रक्तातली चरबी

प्रश्न: बाबा ६१ वर्षांचे आहेत. दर सोमवार, दोन्ही एकादश्या आणि संकष्टी करतात. परवाच्या रिपोर्टमध्ये टोटल कोलेस्ट्रॉल २३२, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २९० आणि एलडीएल १३८ आलंय. उपवासाच्या साबुदाण्या-शेंगदाण्यांमुळे वाढलं असेल का? शेंगदाणे बंद करायला सांगू का?

उत्तर:

शेंगदाण्यांवर आळ घेऊ नका. या ताटात ट्रायग्लिसराइड वाढवणारा मुख्य पदार्थ साबुदाणा आहे, आणि एलडीएलकडे, म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉलकडे बघायचं तर तुपाचा डबा बघा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. औषधं मी ठरवत नाही, पण असे रिपोर्ट रोज हातातून जातात. आमच्या घरी सासऱ्यांचाही हाच वाद होता, त्यामुळे खिचडीचा हिशेब मला पाठ आहे.

एक पोटभर प्लेट घ्या. कोरडा साबुदाणा ७५ ग्रॅम, दाण्याचं कूट २५ ग्रॅम, थोडा बटाटा आणि तीन चहाचे चमचे तूप, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. त्या ७५ ग्रॅममध्ये ६५ ग्रॅमच्या आसपास पिष्ट असतं, प्रथिनं आणि तंतू नावापुरते. पोळ्यांच्या भाषेत सांगायचं तर एका बैठकीत चारेक पोळ्यांएवढं पिष्ट पोटात गेलं, तेही डाळ-भाजीशिवाय. ते पटकन पचतं, रक्तातली साखर चढते, मागोमाग इन्शुलिन चढतं. शरीराला लगेच लागत नाही ती साखर यकृत चरबीत बदलतं आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपात रक्तात सोडतं. पोट सुटलेलं असेल, मधुमेह किंवा त्याची सुरुवात असेल, दारू असेल, तर यकृत हे काम जास्त उत्साहाने करतं. तुमच्या बाबांचं एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्ट्रॉल, ३६ आहे. कमी एचडीएल आणि जास्त ट्रायग्लिसराइड ही जोडगोळी बहुतेक वेळा अशाच माणसात दिसते, म्हणून एकदा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी, करून घ्या.

आता त्याच प्लेटमधली चरबी बघू. २५ ग्रॅम कुटात साधारण १२ ग्रॅम चरबी असते, पण त्यातली सॅच्युरेटेड फॅट पावणेदोन ग्रॅमच. बाकीची अशी असते की तुपाच्या किंवा लोण्याच्या जागी ती खाल्ली तर एलडीएल उलट थोडं खाली येतं. शेंगदाण्यात कोलेस्ट्रॉल मुळीच नसतं. ते फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत असतं. आणि १५ ग्रॅम तुपात सॅच्युरेटेड फॅट असते नऊ ग्रॅमच्या घरात! म्हणजे दाण्यांच्या पाचपट, आणि एलडीएल चढवते ती हीच. दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाचं एलडीएल वाढलेलं असेल तर दिवसभरात सॅच्युरेटेड फॅट तेरा ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात. त्यातली नऊ ग्रॅम एका खिचडीने संपवली. तीच खिचडी १५ ग्रॅम शेंगदाणा तेलात केली तर तेलातून अडीच-तीन ग्रॅमच येते. काही घरांत 'उपवासाला तेल चालत नाही' म्हणून तूपच वापरतात. तिथे एका प्लेटला एक चमचा, तोही मोजून. डब्यातून पळीने ओतायचं नाही.

वड्यांची गोष्ट वेगळी. तळणात तेल किती जातं हे बघायला मी एकदा कढईतलं तेल आधी मोजलं आणि गार झाल्यावर पुन्हा मोजलं. १२ वड्यांना अर्धी वाटी कमी भरलं, म्हणजे वड्यामागे चहाचा एक चमचाभर. साबुदाणा जास्त भिजून पिचपिचीत झाला, वडा तेलात फुटला किंवा तेल नीट तापलेलं नसलं तर याहून जास्त पितो. शेंगदाण्याच्या तेलात तळलेला वडा एलडीएलला तुपाइतका नडत नाही, पण स्टार्च अधिक तेल म्हणजे कॅलरींचा ढीग, आणि तो शेवटी ट्रायग्लिसराइडमध्येच दिसतो. वनस्पती तुपात तळलेले बाहेरचे वडे मात्र नकोतच.

एवढ्यावर थांबलं तर ठीक, पण आपल्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी! दुपारी खिचडी, चारला केळ्याचे वेफर्स, मग गुळाची चिक्की नाहीतर राजगिऱ्याचा लाडू, रात्री साबुदाण्याची खीर. तुम्ही सांगितलेले उपवास मोजले तर महिन्यातले सातएक दिवस होतात. ही रोजची भर नाही, पण एवढी वारंवार की रिपोर्टमध्ये दिसावी.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. रक्ताची नळी सेंट्रिफ्यूजमधून काढली की वरचं सीरम स्वच्छ पिवळसर दिसायला हवं. ट्रायग्लिसराइड फार असेल तर ते गढूळ, कधी पातळ ताकासारखं दिसतं. जेवणातली चरबी रक्तात तीन ते पाच तासांनी सर्वात वर असते आणि उतरायला बराच वेळ घेते. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या पुढे, मग जेवण, मोदक, आणि सकाळी सातला 'उपाशीपोटी आलोय' म्हणून माणूस खुर्चीत बसतो. मध्ये दहा तासही झालेले नसतात. असा नमुना असेल तर २९० हा आकडा मी खरा धरणार नाही. शिवाय ट्रायग्लिसराइड दिवसागणिक वीसेक टक्के इकडे-तिकडे होतंच. बाबांनी रक्त कधी दिलं ते आठवून बघा. पुढची तपासणी उपवासाच्या दुसऱ्या दिवशी नको. आधीचे दोन-तीन दिवस नेहमीचं जेवण असू द्या आणि रात्रीच्या जेवणानंतर पूर्ण १२ तास जाऊ द्या.

त्या १३८ बद्दलही थोडं. बऱ्याच रिपोर्टमध्ये एलडीएल थेट मोजलेलं नसतं, काढलेलं असतं: टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा. तुमच्या आकड्यांत २३२ − ३६ − ५८ = १३८, बरोब्बर जुळतं. ट्रायग्लिसराइड चढलेलं असताना या हिशेबात एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं, आणि ४०० च्या वर गेलं तर हिशेबच वापरत नाहीत. म्हणून तीन महिन्यांनी ट्रायग्लिसराइड १७०, टोटल २१० आणि एचडीएल ३८ आलं तर? २१० − ३८ − ३४, पुन्हा १३८! पथ्य फुकट गेलं असं समजून बाबा रुसतील. तेव्हा ट्रायग्लिसराइडची ओळ दाखवा, आणि शंका असेल तर डॉक्टरांना विचारून 'डायरेक्ट एलडीएल' करून घ्या.

खाण्यात मी एवढंच बदलेन: साबुदाणा ३० ग्रॅम, कूट तेवढंच, बरोबर काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर ताक. दुसऱ्या खाण्याला मूठभर भाजलेले दाणे आणि एखादं फळ, रस नाही. भगर-आमटी चालेल, पण भगरही शेवटी धान्यच, म्हणून एकच वाटी. वेफर्स, चिक्की, खीर यांतलं फार तर एक. मधुमेहाची गोळी चालू असेल तर उपवासाचा दिवस डॉक्टरांना आधी सांगा, नाहीतर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि ट्रायग्लिसराइड कधी ५०० च्या वर आलं तर शेंगदाणेही या हिशेबात बसत नाहीत. तेव्हा स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, सगळीच चरबी कमी करावी लागते आणि त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचे.

सासऱ्यांनी साबुदाणा निम्मा करायला होकार दिला, तूप मोजायला मात्र अजून तयार नाहीत. म्हणून डब्यात आता पळीऐवजी चहाचा चमचाच ठेवते.