लेखनिक मिळाला, आता सराव कोणाबरोबर करायचा?

"मॅडम, पोरग्याला डिस्लेक्सिया हाय. लेखनिकाची परवानगी झाली, जादा वेळबी मिळणार. पण मागच्या वर्षांचे पेपर घिऊन बसवलं की तासाभरात रडकुंडीला येतोय. मग ते पेपर कशाला सोडवायचे?"

ताई, मंगळवार पेठेतून एक दहावीचा मुलगा माझ्याकडे यायचा. त्याचंही असंच चाललं होतं. घरी तो जुना पेपर स्वतः वाचायचा, स्वतः लिहायचा आणि वेळ संपली की बंद करायचा. म्हणजे परीक्षेत जे त्याला करायचंच नव्हतं, त्याचाच सराव चालला होता.

आम्ही घड्याळ बाजूला ठेवलं आणि इतिहासाच्या पेपरातला वृत्तपत्रांवरचा एकच प्रश्न घेतला. मी तो दोनदा वाचला. त्याला सगळं येत होतं: बाळशास्त्री जांभेकर, 'दर्पण', 1832. पण तो गोष्ट सांगावी तसं भराभरा बोलत गेला आणि मी निम्मंच लिहू शकले. मनातलं उत्तर दुसऱ्याच्या हातून कागदावर उतरवणं त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मग क्रम ठरवला. आधी कच्च्या कागदावर तीन शब्द किंवा खुणा काढायच्या. मग एकेक वाक्य सांगायचं, "पूर्णविराम", "नवा परिच्छेद" हेही म्हणायचं, लेखनिकाचा हात थांबला की पुढचं. शेवटी उत्तर वाचून दाखवायला सांगायचं. पहिले दोन आठवडे रोज दोनच प्रश्न घेतले.

लेखनिक म्हणून त्याची आई बसायची. तिथंच गडबड होती. आईला अर्ध्या शब्दात कळतं आणि नकळत ती वाक्य पुरं करते. परीक्षेतल्या लेखनिकानं सांगितलं तेवढंच लिहायचं असतं, शिवाय तो खालच्या वर्गातला असतो. म्हणून गल्लीतल्या नववीच्या मुलीला बसवलं. पहिल्या दिवशी तिनं "जांभेकर"चं "जांबेकर" लिहिलं. तेव्हापासून तो विशेषनामं अक्षर फोडून सांगायला लागला. पुढं आणखी एका मुलाबरोबरही सराव केला, कारण ऐनवेळी लेखनिक आजारी पडू शकतो.

घड्याळ आलं ते तिसऱ्या आठवड्यात. तासाला 20 मिनिटं धरली तर दोन तासांच्या पेपराला 40 मिनिटं जादा मिळतात. पहिल्या पूर्ण पेपरात त्यानं ती शेवटासाठी राखली आणि मोठे दोन प्रश्न तसेच राहिले. लेखनिकाबरोबरचा वेळ जातो तो वाचून घेण्यात, सांगण्यात आणि पुन्हा ऐकण्यात, म्हणजे प्रत्येक प्रश्नात थोडा थोडा. म्हणून ती 40 मिनिटं आम्ही आधीच वाटली: 10 मिनिटं सुरुवातीला पेपर ऐकून प्रश्नांचा क्रम लावायला, 20 मोठ्या उत्तरांना, 10 शेवटी ऐकून तपासायला. पुढच्या पेपरात एकच टीप लिहायची राहिली.

तुमच्या मुलाला आज पूर्ण पेपर देऊ नका. एक प्रश्न द्या, शेजारचं कुणी लिहायला बसवा आणि तुम्ही स्वयंपाकघरात थांबा. तो कुठं अडतो ते कागदावर टिपून शनिवारी घेऊन या.