नोकरी गेल्यावरचा पगार

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

काल फोन ठेवल्यावर तू पाठवलेली शीट उघडून बसलो. तू विचारलंस, "काका, पावणेचार लाखांच्या वर आहेत, नवी नोकरी लागेपर्यंत पुरतील ना?" आकडा लाखांत मोजलास की तो मोठा वाटतो. महिन्यांत मोज. बचत खात्यात ८५,००० आणि एक-एक लाखाच्या तीन एफडी, म्हणजे ३,८५,०००. घरखर्च, हप्ते, एसआयपी सगळं धरून तुझे महिन्याला १,१०,००० जातात. म्हणजे आज आहे तसं चालू ठेवलं तर साडेतीन महिने. आयटीत सध्या मुलाखतीच्या फेऱ्या आणि ऑफर लेटर यांतच दोन-तीन महिने सहज निघून जातात, त्यामुळे साडेतीन म्हणजे काहीच नाही.

कंपनीकडून यायचे फुल अँड फायनलचे १,४०,००० तू आधीच बेरजेत धरले होतेस, ते मी काढून टाकले. खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत ते पैसे नाहीतच असं समज. आले की शेवटच्या महिन्यांना जोडू. पीएफलाही हात नको. सलग पाच वर्षं नोकरी व्हायच्या आत काढलेल्या पीएफवर कर लागतो, आणि तुझी अजून चारच झाली आहेत.

आता बिलं. तू ती रकमेप्रमाणे लावली आहेस, गृहकर्ज वर आणि वीजबिल खाली. मी बँकेत कर्ज खात्यात उभी नोकरी काढली, म्हणून सांगतो, क्रम लावायचा तो "हे भरलं नाही तर काय होईल, किती दिवसांत होईल, आणि ते परत फिरवता येईल का" यावर. वीजबिल दोन हजारांचं, पण थकलं तर १५ दिवसांची नोटीस देऊन कनेक्शन तोडता येतं. गृहकर्ज ३४,०००चं, पण ते थकून ९० दिवस उलटल्यावर खातं एनपीए होतं, मग ६० दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर ताब्याची गोष्ट. म्हणून हप्ता बुडव असं मी म्हणत नाही. उशीर पहिल्याच महिन्यापासून सिबिलमध्ये दिसतो आणि ईसीएस परतला की दोन्हीकडून दंड बसतो. पण रात्री झोप उडवणारं बिल आणि खरोखर घाईचं बिल ही वेगवेगळी असतात.

सगळ्यात घाईचं तर तुझ्या यादीत नाहीच. ऑफिसचा मेडिक्लेम शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो. त्याआधी एचआरला आणि त्याच विमा कंपनीला विचार की ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा अर्ज कसा करायचा. तसं गेलं की प्रतीक्षेच्या काळात आधीची वर्षं धरली जातात, नवी पॉलिसी घेतली तर शून्यापासून सुरुवात. तिघांचे वर्षाचे साधारण २०,००० मी बाजूला काढले आहेत. एक ॲडमिशन झाली तर माझं बाकीचं सगळं गणित वाहून जाईल.

क्रेडिट कार्डाचे ४२,००० आजच पूर्ण भर. तुला वाटतंय की मिनिमम भरून रोकड हातात ठेवावी. पण उरलेल्या रकमेवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, वर्षाचे चाळीसच्या वर गेले, आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. तुझी एफडी सात टक्के देते. सोसायटीचा मेंटेनन्सही वेळेवर भर, थकबाकीवर सोसायटीही व्याज लावू शकते. नर्सरीच्या बाईंना मात्र मोकळेपणाने सांग आणि तिमाहीऐवजी महिन्याचा हप्ता माग. असे पालक त्यांना दरवर्षी भेटतात.

कपातीत बारीकसारीक गोष्टींवर फार वेळ घालवू नकोस. दूध अर्धा लिटर कमी करून घरात फक्त चिडचिड वाढते. एसआयपी थांबव (१०,०००), बाहेरचं खाणं आणि ऑनलाइन खरेदी ९,०००वरून १,५००वर आण, जिम-ओटीटी बंद (२,५००). इथेच २०,००० सुटले. किराण्यात १,५०० बसतील, त्याहून जास्त ताणू नकोस.

मोठा निर्णय गाडीचा. तू म्हणतोस, बघू, चार महिन्यांनी विकू. चार महिन्यांनी तू अडलेला असशील आणि डीलरला ते चेहऱ्यावर दिसेल. आज ३,६०,००० येतायत, फोरक्लोजर चार्ज धरून कर्ज २,१०,०००, हातात दीड लाख. शिवाय ९,५००चा हप्ता गेला आणि स्कूटरवर आलास की पेट्रोलचे ४,०००. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घेतल्याशिवाय गाडीची किल्ली देऊ नकोस, त्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरत नाही.

राहिले आई-बाबांना पाठवतोस ते ८,०००. त्यांना सांगितलं नाहीस हे मला कळलंय. ही लपवाछपवी आधी बंद कर. या आठवड्यात साताऱ्याला जाऊन समोर बसून सांग. औषधांचे ३,००० चालू ठेव, बाकीचे ते स्वतःच नको म्हणतील. माझा अंदाज असा की त्यातले निम्मे तुझ्याच नावाच्या आरडीत जात असतील.

एवढं केलंस की महिना ७०,०००वर येतो. कार्ड आणि विमा भरून, गाडीचे दीड लाख मिळवून हातात राहतात ४,७३,०००. म्हणजे पावणेसात महिने. फायनलचे पैसे आले की आणखी दोन.

हे टिकतं कशाने, तर स्वतःला पगार देण्याने. एफडी सोडून सगळे पैसे एका खात्यात ठेव आणि त्याला यूपीआय जोडूच नकोस. दर १ तारखेला तिथून ७०,००० घरखर्चाच्या खात्यात टाक, हप्ते त्यातूनच जाऊ देत. वीस तारखेला ते खातं रिकामं झालं तर कुठे चुकलं ते त्याच महिन्यात कळतं. एकच खातं असलं की चौथ्या महिन्यापर्यंत पत्ता लागत नाही. एफडी एकदम मोडू नकोस. आधी गाडीचे पैसे वापर, मग एकेक पावती. मुदतीआधी मोडली की व्याज थोडं कापतात, पण फक्त त्या एका पावतीवर. आणि फोनवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचा मेसेज आला तर तो सूनबाईंना दाखव, म्हणजे तो निर्णय तुझ्या एकट्याकडे राहणार नाही.

तीन महिन्यांचे पैसे उरले, म्हणजे २,१०,०००, की थांबून दोन गोष्टी करायच्या. हप्ता चुकण्याआधी बँकेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी होतो का ते विचार. रिस्ट्रक्चर म्हणून नोंद होणार का हेही स्पष्ट विचारून घे, कारण तो शेरा सिबिलमध्ये राहतो. दुसरी म्हणजे वाकडचा फ्लॅट भाड्याने देऊन काही महिने साताऱ्याला राहायचं. मुलाखतीच्या पहिल्या फेऱ्या आता ऑनलाइनच होतात. सूनबाईंशी हे आत्ताच बोलून ठेव, तेव्हा बोलायला बसलात तर भांडण होईल. भाडेकरार ११ महिन्यांचा कर, रजिस्टर कर, आणि दोन्हीकडून एका महिन्याच्या नोटिशीची अट घाल, म्हणजे पुण्यात नोकरी लागली तर घर अडकून पडणार नाही.

गाडीचा सौदा ठरला की कागद मला आधी दाखव.

तुझा,
काका