पहिल्या पानाचा हट्ट सोडा

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. "कोल्हापूरहून सासऱ्यांनी मुद्दाम 'मृत्युंजय' पाठवलं, पोरानं अकरा पानं वाचली आणि बोरिंग म्हणून ठेवून दिलं, आता मी रोज एक पान सक्तीनं वाचून घेते." तेवढी सक्ती आधी थांबवा हो! मोबाईलचं आणि अक्षराचं विचारलंय ते पुढच्या वेळी बघू, त्याची घाई नाही.

बोरिंग म्हणजे नेमकं काय ते आधी शोधायचं. एक पान त्याला मोठ्यानं वाचू द्या. पाच-सहा शब्दांना अडखळला तर अडचण भाषेची आहे, मग तुम्ही वाचा, त्यानं ऐकायचं, किंवा याचा इंग्रजी अनुवाद आहे तो द्या. पण घडाघडा वाचून "कुणाचं काय चाललंय" हे सांगता आलं नाही तर तो चुकीच्या दारातून आत शिरलाय.

आणि या कादंबरीला दारं बरीच आहेत. शिवाजी सावंत आपल्या आजऱ्याचे, १९६७ सालचं पुस्तक, नऊ भाग, बोलणारे सहा जण. कर्ण चारदा बोलतो, आणि कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण एकेकदा. महाभारताची गोष्ट घरात ऐकलेली असते, त्यामुळे मधून सुरू केलं तरी काही फुटत नाही. (रहस्यकथेला मात्र हे करू नका.)

माझा भाचा चौदाचा, मे महिन्यात राजारामपुरीत आमच्याकडे होता, त्यानंही सुरुवातीच्या संथ वर्णनातच पुस्तक मिटलेलं. त्याला दादा आहे, सगळ्यात पुढे असणारा, म्हणून मी शोणचा भाग काढला, कर्णाचा धाकटा भाऊ. रात्री जेवणानंतर दहा मिनिटं मी वाचायचे आणि प्रसंग रंगात आला की तिथंच खूण घालून उठायचे. तिसऱ्या रात्री तो म्हणाला, "मावशी, पण कुंतीनं सांगितलं का नाही त्याला?" मी उत्तर दिलं नाही, कुंतीचा भाग उघडून पुस्तक त्याच्या हातात दिलं. तो भाग त्यानं एकट्यानं वाचला, मग कर्णाच्या पहिल्या भागाकडे आपणहून गेला, वर्णनाची पानं उडवत, आणि मी उडवू दिली.

तुमच्या मुलाला भाऊ नाही, पण फुटबॉलच्या टीममध्ये बाहेर बसवतात म्हणून चिडतो असं तुम्हीच लिहिलंय, मग दुर्योधनाचा भाग काढा. मित्रासाठी सगळ्यांशी भांडणारा माणूस त्याला कळेल.

वाचून झाल्यावर सारांश मात्र विचारू नका, तुम्ही दोनदा विचारलात असं पत्रात आहे, तिथंच त्याची शाळा सुरू होते. तो स्वतः प्रश्न विचारतोय का, मागची पानं उलटतोय का, एवढंच बघा. तीन वेगळ्या भागांतून शिरूनही काही हललं नाही तर पुस्तक बदला, सासऱ्यांना मी समजावते.