प्लीहा मोठी, प्लेटलेट कमी, पण सिरोसिस नाही

भाऊ २४ वर्षांचा आहे. प्लीहा वाढली आहे, प्लेटलेट ६२,००० आहेत. सोनोग्राफीत पोर्टल व्हेन बंद, पण लिव्हर ठीक म्हणतात. पुढे काय तपासायचं?

आधी एंडोस्कोपी करून घ्या. पोर्टल व्हेन म्हणजे आतडी आणि प्लीहेतलं रक्त यकृताकडे नेणारी शीर. ती बंद झाली की रक्त मागे प्लीहेत तुंबतं आणि फुगलेली प्लीहा प्लेटलेट अडवून ठेवते, म्हणून आकडा घसरतो. पण खरा धोका अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटण्याचा असतो. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

डॉप्लर किंवा सीटीत मूळ शिरेच्या जागी बारीक शिरांचं जाळं दिसलं, तर अडथळा जुना आहे. यकृत किती कडक आहे हे फायब्रोस्कॅन सांगतो. शंका उरली तरच बायोप्सी.

जॅक२ ही रक्ततपासणी मात्र आवर्जून मागा, ती अनेकदा राहून जाते. अस्थिमज्जेच्या काही आजारांत रक्तपेशी जास्त बनतात आणि शिरेत गुठळी होते. एरवी सीबीसीत आकडे वाढलेले दिसले असते, पण मोठी प्लीहा त्या पेशी अडवते आणि आजार झाकला जातो. त्यामुळे ६२,००० आकड्यावरून तो नाही असं धरू नका. कारण सापडलं की रक्त पातळ करणारी औषधं द्यायची का, हे एंडोस्कोपी पाहूनच डॉक्टर ठरवतील.