टार्गेट आधी दुकानांवरून मोजा, मग पत्रात लिहा

*‘सर, बीएमएस झाल्यावर एका नमकीन कंपनीत सेल्स ट्रेनी म्हणून लागलोय. वाशी ते बेलापूर पट्ट्यासाठी डिस्ट्रिब्युटर नेमायचाय आणि नेमणूकपत्राचा मसुदा मला करायला सांगितलाय. टार्गेट, मार्जिन, एक्सक्लुझिव्हिटी, रिपोर्टिंग यात नेमकं काय लिहू? – एक वाचक, ऐरोली’*

मसुद्याला हात लावण्याआधी कागदावर डिस्ट्रिब्युटरचा महिन्याचा हिशोब मांडा. समजा, टार्गेट 6 लाखांच्या खरेदीचं आहे आणि मार्जिन खरेदीवर 8 टक्के. म्हणजे 48 हजार. त्यातून सेल्समन, टेम्पो, गोडाऊन आणि किरकोळ खर्चाचा तुमच्या मालाच्या वाट्याला येणारा भाग 30 हजार धरला, तर हातात 18 हजार राहतात. पंधरा दिवसांचा स्टॉक 3 लाखांचा आणि बाजारातली उधारी 2 लाखांची, म्हणजे त्याचे 5 लाख गुंतले. महिन्याला 3.6 टक्के सुटतात. हे त्याला परवडेल.

पण दुकानांत माल 4 लाखांचाच खपला, तर मार्जिन 32 हजारांवर येतं. टेम्पो आणि पगार मात्र तेवढेच राहतात. उरतात 2 हजार. असा माणूस चार-सहा महिन्यांत माल उचलणं बंद करतो, आणि कंपनीत बोलतात की डिस्ट्रिब्युटर वाईट निघाला.

म्हणून टार्गेट सेकंडरीवर, म्हणजे त्याने दुकानदारांना केलेल्या विक्रीवर लिहा. फक्त प्रायमरी, म्हणजे कंपनीकडून केलेली खरेदी मोजली, की महिनाअखेरीला त्याच्या गोडाऊनमध्ये माल कोंबला जातो. ते पकडायला रिपोर्टिंगचं कलम लागतं: दर सोमवारी क्लोजिंग स्टॉक आणि दुकानवार विक्री. ओपनिंग 3 लाख, खरेदी 6 लाख, क्लोजिंग 5 लाख असेल, तर खप 4 लाखांचाच झाला. नमकीनची मुदत कमी असते, त्यामुळे क्लोजिंग बॅचनुसार मागा. आणि स्कीमचे क्लेम, म्हणजे त्याने दुकानदारांना दिलेल्या सवलतींचे पैसे, कंपनी किती दिवसांत देणार तेही त्याच कलमात लिहा. 1 लाखाचे क्लेम अडकले, तर गुंतलेले 5 लाख 6 होतात आणि वरच्या हिशोबातले 3.6 टक्के 3 वर येतात.

एक्सक्लुझिव्हिटीत ‘नवी मुंबई’ असं मोघम लिहू नका. वाशी, सानपाडा, जुईनगर, नेरुळ, सीवूड्स, बेलापूर अशी नोडची नावं घाला. मॉल, ऑनलाइन आणि एपीएमसीचा होलसेल यांत आहे की नाही, हे स्पष्ट लिहा. माझं मत, एपीएमसी वेगळं ठेवा. तिथून स्वस्तात निघालेला माल नेरुळच्या दुकानात पोचतो आणि तुमच्या डिस्ट्रिब्युटरचा दर मोडतो. हक्क सुरुवातीला सहा महिन्यांचाच द्या. सलग तीन महिने सेकंडरी टार्गेटच्या 80 टक्क्यांखाली राहिली, तर दुसरा माणूस नेमायची मुभा ठेवा.

दुकानदाराला अमुक दराखाली विकायचं नाही, अशी अट मात्र घालू नका. 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या कलम 3(4) मध्ये अशी अट आणि एक्सक्लुझिव्ह वितरण दोन्ही येतात, बाजारातल्या स्पर्धेला बाध येत असेल तर ती अडचणीची ठरतात. मसुदा कंपनीच्या वकिलांना दाखवाल, तेव्हा दर आणि एक्सक्लुझिव्हिटी हे दोन मुद्दे आधी पुढे करा.